मैत आणि मयत

औंढा नागनाथच्या बसस्थानकावर शेजारची बाई विचारते, "हिंगोलीची गाडी कव्हा यायली?" तेवढ्यात भोंगा सांगतो, प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी. पहिल्या वाक्यात विचारणारी आहे आणि ज्याला विचारलं तोही आहे. दुसऱ्या वाक्यातलं 'घ्यावी' कोण म्हणतंय, ते कुणालाच दिसत नाही. इकडच्या कवितेत बोलीतून प्रमाणात आणि प्रमाणातून बोलीत जी ये-जा चालते, ती मला याच फरकाची वाटते. आपली समीक्षा मात्र शब्द मोजत बसते. वावर, तिफण, आखाडा आले की कविता बोलीतली.

'बाप तिफण धरून उभा आहे' हे वाक्य तिफणीसकट पुस्तकीच आहे. 'तिफन' आणि 'हुबा हाय' असं लिहिलं तर उच्चार तेवढा बदलतो. 'बाप तिफन धरायलाय' म्हटलं की परभणी-हिंगोलीचा माणूस बोलू लागतो, कारण 'धरतोय'च्या जागी 'धरायलाय' हा इथला चालू काळ आहे. बोली नामांत थोडी आणि क्रियापदांत जास्त राहते. म्हणून नामं गावाकडची आणि क्रियापदं वर्तमानपत्राची अशी कविता ऐकली, की कवी गावात नाही, गावाबद्दल बोलतोय, हे लगेच कळतं.

एकाच रचनेत आवाज बदलण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावल्याने कळवळणारं माणूस आधी येतं, मग उतारा म्हणून तम आणि सत्त्वाची भाषा येते आणि शेवटी 'जनार्दने' ही मुद्रा. दुखणं लोकांच्या तोंडी, उलगडा शास्त्राच्या शब्दांत. भारुडात हे शोभतं, कारण सोंग उतरवून संत समोर येणार हे प्रेक्षकाला ठाऊकच असतं. आजच्या कविसंमेलनात हीच चौकट सोंगाशिवाय उरली आहे. तीन कडवी बोलीत रडायचं आणि चौथ्यात प्रमाण मराठीत संदेश द्यायचा. म्हणजे गावानं फक्त सोसायचं, विचार दुसऱ्यानं करायचा. टाळ्या त्यालाच पडतात, हे वेगळं.

नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा'त (१९७२) ही उतरंडच मोडली. कामाठीपुऱ्याची बोली आणि जड संस्कृत शब्द तिथे एकाच श्वासात येतात आणि कुणी कुणाचा खुलासा करत नाही. इकडे वसमत तालुक्यातल्या इंद्रजित भालेरावांनी 'पीकपाणी'पासून (१९८९) कुणब्याच्या घरातलं बोलणं कवितेत आणलं. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी त्यांच्याकडून नामं उचलली, बोलण्याची धाटणी तिथेच राहिली.

बदल कुठे व्हावा, हे दाखवायला मी या लेखापुरत्या चार ओळी जुळवल्या आहेत:

बाप म्हनायचा, औंदा पानी चांगलं हाय,
तिफन घासून ठिवली ढाळजात.
सदर खातेदार मयत असल्याने वारसांनी हजर राहावे.
माय इचारायली, मैतीला तर समदे आल्ते, आता कोनाला बोलवायलेत?

तिसऱ्या ओळीत बापाचा 'खातेदार' होतो. 'राहावे' या क्रियापदामागे भोंग्यासारखंच कुणी नाही. ही प्रमाण मराठी असली तरी शाळेतली नव्हे, तलाठ्याच्या नोटिशीची. प्रमाण भाषेतही असे थर आहेत आणि कोणता थर वापरला यावर अर्थ फिरतो. इथे पाठ्यपुस्तकी, हळवी ओळ टाकली असती तर कवी स्वतःच मध्ये येऊन रडला असता.

सगळी भिस्त मात्र एका शब्दावर आहे. कचेरीत 'मयत' म्हणजे मेलेला माणूस. गावात 'मैत' म्हणजे त्याला पोचवायला जमलेली माणसं आणि तो सगळा प्रसंग. शब्द एकच, फारसीतून दोन वाटांनी आलेला. माय 'मयत' आणि 'हजर' एवढंच ओळखते आणि त्यावरून सरळ हिशेब मांडते. ती अडाणी ठरत नाही. सरकारी वाक्यात माणसं कुठे आहेत, एवढंच ती विचारते आणि तेही 'इचारायली', 'बोलवायलेत' अशा चालू काळात, म्हणजे तिच्या लेखी अजून काहीच संपलेलं नाही. ही ओळ प्रमाणात करून पाहा: 'आई विचारते, अंत्ययात्रेला तर सगळे आले होते'. मैत-मयतचा सांधा निखळतो आणि मायचा प्रश्न नुसता बावळट वाटू लागतो.

अडचण लेखनात येते. प्रत्येक 'ण'चा 'न' करत गेलं की औंढ्याचा वाचक सहज वाचतो, पण पुण्याचा वाचक प्रत्येक अक्षरावर ठेचकाळतो आणि त्या ठेचा मायच्या माथी मारतो. मी 'पानी' आणि 'कोनाला' ठेवलं, कारण तिसऱ्या ओळीतलं 'असल्याने' आणि 'राहावे' त्यांच्यासमोर ताठ उभं राहायला हवं होतं. 'इचारायली'तला 'इ' गेला तरी मला चाललं असतं. 'यली' मात्र जाऊ दिली नसती.