निरोप पाठवला, घेतला नाही

जून महिन्यातल्या एका सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज आला :

“नमस्कार. मुलाच्या शिक्षणासाठी आम्ही आज लातूरला शिफ्ट होत आहोत. गेल्या अकरा वर्षांत कळत-नकळत काही चुकलं असल्यास क्षमस्व. आपणां सर्वांचे सहकार्य कायम स्मरणात राहील. येतो.”

त्याच्या वर आदल्या रात्रीचा मेसेज होता, टँकरचे पैसे कुणाकुणाचे राहिलेत त्याचा. खाली सात-आठ जणांनी हात जोडले होते, तिघांनी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ लिहिलं होतं. मग कुणीतरी विचारलं, मोटार कोण चालू करतंय? एवढ्यात अकरा वर्षं संपली.

बीडमध्ये असे मेसेज मी बरेच वाचलेत. मुलगा दहावी झाला की लातूर, नोकरी लागली की पुणे, बदली झाली की कुठेही. पण हा एक मेसेज मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला, कारण माझ्या आईला तो पटला नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू तिच्या अकरा वर्षांच्या शेजारीण. ती उठून दूध घ्यायला दार उघडते तर समोर कुलूप. “न सांगता गेली की गं ही,” आई म्हणाली. मी मोबाईल पुढे केला. “सांगितलंय की, हे बघ.” तिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, “हे काकांनी सांगितलं सगळ्या बिल्डिंगला. मला कुठं म्हणाली ती, ‘येऊ का?’”

आईची तक्रार मला आधी रुसव्याची वाटली. मग वाटलं, ही या मेसेजची चोख समीक्षा आहे.

आधी त्याची भाषा बघा. ‘सहकार्य’, ‘स्मरणात राहील’, ‘क्षमस्व’ हे शब्द घरातले नाहीत. ते निरोप समारंभातले आहेत : शाळेच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ घेऊन बदली झालेले गुरुजी बोलतात तिथले. उत्तरं देणाऱ्यांनाही तेच सुचलं, म्हणून ‘पुढील वाटचालीस’. ‘कळत-नकळत काही चुकलं असल्यास’ या वाक्यात चूक करणारा माणूसच नाही. काही चुकलंच असेल तर ते आपोआप चुकलं असावं. खरं तर पार्किंगवरून त्यांचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. माफी नेमकी त्यांची मागायची तर ग्रुप ही जागा नव्हे, आणि सगळ्यांची मागितली की ती कुणालाच लागू होत नाही.

दुसरं, ‘आम्ही’. लिहिणारे काका, कारण ग्रुपमध्ये दर फ्लॅटचा एकच नंबर आणि तो बहुतेक पुरुषाचा. बिल्डिंगशी खरा व्यवहार काकूंचा : विरजण, गॅसची उसनी टाकी, आजारपणातली खिचडी. ज्या नात्याचा निरोप होता ती दोन्ही माणसं, काकू आणि आई, ग्रुपच्या बाहेर होती.

शेवटचा शब्द मात्र अस्सल आहे : ‘येतो’. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही. पण ‘येतो’ हे अर्धंच वाक्य आहे. आपल्याकडे दारात काय होतं ते आठवा. पाहुणा विचारतो, “येऊ का?” घरचे म्हणतात, “बसा की, काय घाई आहे.” तो म्हणतो, “नाही, निघतो आता.” मग बाई असेल तर कुंकवाचं बोट लागतं आणि घरचे म्हणतात, “या मग.” विचारणं, अडवणं, सोडणं अशा या तीन पायऱ्या. ‘या’ ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मेसेजमध्ये ‘येतो’ होतं, पण उत्तरांत एकही ‘या’ नव्हतं. अडवायला तर सोयच नव्हती. टेम्पो भरून झाला होता.

इथे ‘निरोप’ हा शब्दच मदतीला येतो. त्याचे दोन अर्थ आपण रोज वापरतो. निरोप म्हणजे कळवलेली गोष्ट : “आईला निरोप सांग.” आणि निरोप म्हणजे निघण्याची मोकळीक. म्हणूनच जाणारा निरोप ‘घेतो’ आणि राहणारा तो ‘देतो’. जुन्या मराठीत निरोपाचा अर्थ आज्ञा असाही होता. निघायला समोरच्याची संमती लागायची. काकांनी पहिल्या अर्थाचा निरोप पाठवला. दुसऱ्या अर्थाचा कुणी दिलाच नाही.

व्हॉट्सॲपने तर ही देवघेव आणखी पातळ केलीय. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की सगळ्यांना तशी एक ओळ दिसायची. २०२२ पासून ती फक्त ॲडमिनला कळते. सोडून गेलेल्यांची नावं ग्रुपच्या माहितीत ६० दिवस सापडतात, मग तीही जातात. संकोची माणसाला हे बरंच आहे. पण त्यामुळे आता तो शेवटचा मेसेज हीच जाण्याची एकमेव खूण उरते.

मग चांगला मेसेज कसा असतो? आमच्याच ग्रुपवर मागच्या वर्षी एक भाडेकरू जोडपं गेलं. जेमतेम दीड वर्ष राहिलेलं. त्यांनी निघण्याच्या तीन दिवस आधी लिहिलं :

“आम्ही रविवारी निघतोय. तुळशीची कुंडी टेम्पोत टिकणार नाही, कुणी नेईल का? शिडी कुणाची आहे? आमच्याकडेच राहिलीय.”

यात आभार नाहीत, माफी नाही. पण उत्तरं बघा. “तुळस मी नेते.” “शिडी आमची, राहू द्या, रविवारी सामान उतरवायला लागेल.” “रविवारी सकाळी स्वयंपाक करू नका, पोहे पाठवते.” या मेसेजने ‘येऊ का?’ विचारलं, आणि लोकांनी आपापल्या परीने अडवून मग ‘या’ म्हटलं. पूर्ण वाक्य संपवून निघून जाणाऱ्यापेक्षा काहीतरी मागणारा माणूस निरोप घेऊन गेला. तीन दिवसांची मुदतही महत्त्वाची. सहा-दहाच्या मेसेजला ‘बसा की’ म्हणता येत नाही.

बीड जिल्ह्यात हे लिहिताना आणखी एक निघणं डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. त्या दाराशी उभ्या राहतात. “येऊ का ताई?” आई म्हणते, “यंदा नका जाऊ.” दरवर्षी म्हणते. उचल घेतलेली असते, त्यामुळे या अडवण्याचा काही उपयोग नसतो, हे दोघींना माहीत असतं. मग आई जुनं स्वेटर देते आणि म्हणते, “या.” कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात मावशी येतात. त्यांचं ‘येते’ शब्दशः खरं असतं, काकांचं नव्हतं. मावशी कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत.

आईने काकूंना त्याच दुपारी फोन लावला. पहिलं वाक्य, “अगं, दार तरी वाजवायचंस.” पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी आई म्हणाली, “हं. या मग.”