‘चाळीस सात’ की ‘सत्तेचाळीस’? सिंगापूरमधल्या पहिलीचा एक धडा

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वाद झाला होता, तो आठवत असेल. ‘एकवीस’च्या जागी ‘वीस एक’ आलं म्हणून विधानसभेपर्यंत चेष्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या संख्यानामांत जोडाक्षरं फार आहेत आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलटा आहे, त्यामुळे लहान मुलं अडखळतात. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही दिली होती. तो वाद महाराष्ट्रातल्या मुलाला समोर ठेवून झाला. सिंगापूरमधल्या मराठी मुलापुढे तोच धडा ठेवला की त्याचे गुण आणि उणीव, दोन्ही वेगळे दिसतात.

इथे पहिलीत मुलं शंभरपर्यंतच्या संख्या शिकतात, आणि इंग्रजीत शिकतात. फॉर्टी-सेव्हन म्हणजे चार टेन्स, सात वन्स. वर्गातल्या चिनी मुलाच्या घरी ‘चार दहा सात’ अशा अर्थाचं बोलतात. मलय आणि तमिळमध्येही दशक आधी येतं. म्हणजे या देशाच्या चारही राजभाषा ४७ डावीकडून उजवीकडे वाचतात. मराठी मात्र सात आधी सांगते. शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही, त्यामुळे बरीच मराठी मुलं हिंदी घेतात. तिथलं ‘सैंतालीस’ही उलट्याच क्रमाचं, शिवाय आवाजाने वेगळं.

आता घरात काय होतं बघा. आई गृहपाठ मराठीत समजावते: “सत्तेचाळीसमध्ये दशक किती, एकक किती?” मूल गप्प. आईला वाटतं, गणित कच्चं आहे. खरं तर एका प्रश्नात तीन अडचणी आहेत: ‘दशक-एकक’ हे शब्द, ‘सत्तेचाळीस’ हे नाव, आणि मूळ गणित. तिसरी गोष्ट मुलाला इंग्रजीत येत असते. पुस्तकावर इयत्ता पहिली छापलेलं असलं तरी या मुलाचं मराठी गणिताच्या बाबतीत बालवाडीतलं असू शकतं, आणि शब्द त्या मराठीला झेपतील असेच निवडावे लागतात.

नेमकं कुठे अडलंय हे चुकीवरून कळतं. ‘त्रेपन्न’ सांगितल्यावर ३५ लिहिलं, तर दोन्ही भाग कळले आहेत, क्रम उलटला आहे. ४३ लिहिलं, तर ‘त्रे’ कळलं, पण ‘पन्न’ म्हणजे पन्नास हे माहीत नाही. ‘एकोणचाळीस’ला ४१ लिहिलं, तर ‘एकोण’ म्हणजे एक कमी हे अजून सांगितलेलंच नाही. कधी उत्तर बरोबर येतं, पण मूल डावीकडे जागा सोडून आधी ३ लिहितं आणि मग मागे येऊन ५. हे पेन्सिलीकडे बघितल्याशिवाय दिसत नाही.

समजावताना पैसे घ्यावेत. दहा डॉलरच्या चार नोटा आणि एक डॉलरची सात नाणी. “दहाच्या नोटा किती? सुटे किती?” ‘सुटे’ हा शब्द घरात असतोच, ‘दशक’ नंतर येऊ दे. मग नोटांवर हात ठेवून “चाळीस”, नाण्यांवर ठेवून “सात”: चाळीस सात. मग म्हणायचं, “आजी हेच उलटं म्हणते, सत्ते-चाळीस.” एका बैठकीत एकच दशक, आणि ‘एकोण’ची नावं वेगळ्या दिवशी. गृहपाठ चालू असताना नावांची परीक्षा घ्यायची नाही.

इथे २०१९च्या पुस्तकाचं माझं मूल्यमापन असं: ‘वीस एक’ची चेष्टा अन्यायाची होती, पण दोन नावं शेजारी छापून पुस्तक थांबलं. एकातून दुसऱ्यात कसं जायचं हे शिकवावं लागतं. सिंगापूरच्या मुलाला दशक-आधी हा क्रम आधीच येतो, म्हणून ‘चाळीस सात’ त्याला गणितात नवं काही देत नाही. त्याचा उपयोग ‘सत्तेचाळीस’पर्यंत पोचण्यापुरता. आणि या पायरीलाही मर्यादा आहे. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आणि चाळीस दोन्ही ऐकू येतात, ‘बावन्न’ किंवा ‘ब्याण्णव’मध्ये तसे येत नाहीत. ती नावं शेवटी कानावर पडूनच बसतात.

पण ‘चाळीस सात’वरच थांबलो, तर गृहपाठ सुटतो आणि सुट्टीत भाजीवाली “सत्तेचाळीस झाले” म्हणाली की मूल आईच्या तोंडाकडे बघतं.