आधी घाम की आधी जाग? एका जुन्या पेपरचं घाटाखालून वाचन

पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांतली झोपमोड हा विषय प्रबंधासाठी घेणाऱ्यांनी रॉबर्ट फ्रीडमन आणि टिमोथी रोर्स यांचा २००६ चा पेपर वाचायलाच हवा. पण तो जसाच्या तसा उचलून बुलढाण्यात लावला, तर फसगत होईल. का ते सांगतो.

आपल्याकडचा सरधोपट समज असा: इस्ट्रोजेन कमी होतं, रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो आणि त्यामुळे जाग येते. या दोघांनी विचारलं, आधी काय होतं, घाम की जाग? त्यांनी तीन गटांतल्या बायकांना प्रयोगशाळेत झोपवलं: पाळी गेलेल्या आणि वाफा येणाऱ्या १८, पाळी गेलेल्या पण वाफा न येणाऱ्या ६, आणि पाळी चालू असलेल्या १२. खोलीचं तापमान एका रात्री ३०, एका रात्री २३ आणि एका रात्री १८ अंश ठेवलं. वाफ आली की नाही हे बाईला विचारून ठरवलं नाही. छातीवर त्वचेची विद्युतवाहकता मोजली, कारण घाम सुटला की ती झपकन वाढते. झोप मेंदूच्या लहरींवरून मोजली.

निकाल मजेशीर आहे. रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात वाफा येणाऱ्या बायकांना इतरांपेक्षा जास्त वेळा जाग आली आणि बहुतेकदा वाफ आधी, जाग नंतर. १८ अंशांच्या खोलीत हा त्रास कमी झाला. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र गटांमधला फरकच गेला आणि क्रमही उलटला: जाग आधी, वाफ नंतर. लेखकांचं स्पष्टीकरण असं की पहाटेकडे स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, जास्त असते आणि त्या झोपेत शरीराचं तापमान-नियंत्रण जवळपास थांबलेलं असतं.

तापमानाचा इतका परिणाम का, तेही फ्रीडमन यांच्याच आधीच्या कामातून कळतं. शरीराचं आतलं तापमान थोडं वर गेलं तरी लगेच घाम सुटत नाही, मध्ये थोडी मोकळी जागा असते. वाफा न येणाऱ्या बायकांत ती सुमारे ०.४ अंश निघाली, वाफा येणाऱ्यांत जवळजवळ शून्य. इस्ट्रोजेन घटणं हे यामागचं एक कारण आहे, एकमेव नाही.

आता माझी हरकत. या पेपरमध्ये त्रास असलेल्या सगळ्या बायका पाळी *गेलेल्या* आहेत. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत चित्र वेगळं असतं. तेव्हा इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, चढउतार करतं. पण अनेक महिन्यांत बीजच सुटत नाही, आणि बीज सुटलं नाही तर त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन फारसं तयार होत नाही. प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन बनतं आणि ते मेंदूतल्या गाबा-ए ग्राहींवर काम करून गुंगी आणतं. ते घटलं तर घामाचा थेंबही नसताना जाग येऊ शकते. हा दुवा बराचसा तोंडाने प्रोजेस्टेरॉन देऊन केलेल्या प्रयोगांतून आलाय, हेही लक्षात ठेवा. हा दुसरा रस्ता २००६ च्या आराखड्यात दिसणंच शक्य नव्हतं.

दुसरी हरकत आपल्यावरच आहे. आपल्याकडचे विद्यार्थी बहुधा मेनोपॉज रेटिंग स्केल वापरतात. ११ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यात झोप न लागणं, मध्येच मोडणं आणि लवकर जाग येणं हे सगळं एकाच प्रश्नात कोंबलंय. घाम वेगळ्या प्रश्नात आहे, पण कशाच्या आधी काय झालं हे कुठेच नाही.

उदाहरण घ्या. समजा तुम्ही मे महिन्यात घाटावर चिखलीत आणि घाटाखाली नांदुऱ्यात ही प्रश्नावली भरून घेतली. नांदुऱ्यात गुण जास्त आले. लगेच ‘घाटाखाली त्रास जास्त’ असं लिहाल? घाटाखाली रात्रीही पत्र्याच्या खोलीत उकडतं. काही जणी गच्चीवर झोपतात, काहींना ते जमत नाही. म्हणजे तुम्ही संप्रेरकं मोजली की उकाडा, हे सांगताच येणार नाही.

यावर उपाय महागडा नाही. उशाशी वही आणि भिंतीला साधा तापमापक. जाग आल्यावर चार नोंदी: किती वाजले, खोलीत किती अंश, आधी घाम की आधी जाग, आणि शेवटची पाळी येऊन किती दिवस झाले. मध्यरात्रीआधी घामाने आलेली जाग आणि पहाटे तीनला कोरड्या अंगाने आलेली जाग मग वेगळ्या रकान्यात पडतील. झोपेत असलेल्या बाईला क्रम नीट सांगता येईलच असं नाही, ही या वहीची मर्यादा. म्हणून निदान दहा-बारा जणींवर तरी विद्युतवाहकता मोजून वही पडताळा. आणि एकदाच रक्त काढून इस्ट्रोजेनचा आकडा प्रबंधात टाकू नका; या वयात पुढच्या आठवड्यात तो कुठे असेल, कुणालाच ठाऊक नसतं.