द्विपद विस्ताराचा ताळा : नेमके काय तपासले?

उच्च माध्यमिक वर्गांसाठी काढलेल्या द्विपद प्रमेयाच्या काही सरावपत्रिका आणि त्यांच्या उत्तरसूची अलीकडे पाहण्यात आल्या. उदाहरणांच्या शेवटी एक ओळ जवळजवळ ठरलेली होती : 'पास्कलच्या त्रिकोणावरून सहगुणकांचा ताळा पाहिला.' ताळा पाहण्याची सवय चांगलीच. पण येथे ताळा नेमका कशाचा पाहिला, हे विचारायला हवे.

(2x − 3)⁵ हे उदाहरण घेऊ. त्याचा बरोबर विस्तार असा :

32x⁵ − 240x⁴ + 720x³ − 1080x² + 810x − 243

त्रिकोणातील संबंधित ओळ आहे १, ५, १०, १०, ५, १. विस्तारात यांपैकी एकही संख्या दिसत नाही. कारण उघड आहे. प्रत्येक सहगुणक तीन गोष्टींचा गुणाकार आहे; उदाहरणार्थ, −1080 = 10 × 2² × (−3)³. त्रिकोण यातल्या फक्त १० ची हमी देतो. विद्यार्थ्याने (2x)² ऐवजी 2x² लिहिले, तर पद −540x² होईल. ऋण चिन्ह विसरले, तर 1080x² होईल. दोन्ही वेळा १० आपल्या जागी आहेच. म्हणून ताळा 'जमला' असे होते आणि चूक तशीच राहते.

दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत हाच त्रिकोण 'मेरुप्रस्तार' म्हणून समजावला आहे. n जागांपैकी r जागा किती प्रकारांनी निवडता येतात, एवढेच तो मोजतो. त्या जागी लघु-गुरू आहेत की 2x आणि −3, याची त्याला खबर नसते.

याचा अर्थ त्रिकोण निरुपयोगी आहे असा नाही. ¹⁰C₄ क्रमगुणितांनी काढताना भागाकारात चूक होऊ शकते. त्रिकोणात तीच संख्या 84 + 126 = 210 अशी नुसत्या बेरजेने मिळते. रीत वेगळी असल्याने हा ताळा खरा आहे. पण तो एका संख्येचा आहे, उत्तराचा नव्हे.

सामान्य पदाच्या सूत्राबाबत याहून मोठी गफलत आढळली. सूत्र असे :

Tᵣ₊₁ = ⁿCᵣ aⁿ⁻ʳ bʳ

एका पत्रिकेत (x² + 1/x)⁹ मधील स्थिर पद विचारले होते. येथे x चा घातांक 2(9 − r) − r म्हणजे 18 − 3r आहे. तो शून्य होण्यासाठी r = 6 हवा; म्हणजे सातवे पद, आणि उत्तर ⁹C₆ = 84. आता एखाद्याने a आणि b यांचे घातांक उलटे लावून r = 3 घेतला, तर ⁹C₃ सुद्धा ८४ च येतो! त्रिकोणाची ओळ दोन्ही टोकांकडून सारखीच वाचली जाते, त्यामुळे चूक झाकली जाते आणि पूर्ण गुण मिळतात. प्रत्यक्षात r = 3 चे पद 84x⁹ आहे. हेच उदाहरण (2x² + 1/x)⁹ असे दिले असते, तर बरोबर उत्तर 84 × 2³ = 672 आणि चुकीचे 84 × 2⁶ = 5376 झाले असते. एवढा एक २ घातला की चूक लपत नाही. म्हणजे दोष विद्यार्थ्याइतकाच उदाहरणाच्या निवडीतही आहे.

मग संपूर्ण विस्ताराचा ताळा कसा पाहावा? x ला किंमत देऊन. पहिल्या उदाहरणात x = 1 घेतला, तर मूळ राशी (−1)⁵ = −1 आहे आणि विस्तारातील सहगुणकांची बेरीजही −१ येते. −1080 च्या जागी −540 असता, तर ती ५३९ आली असती. मात्र या ताळ्यालाही मर्यादा आहे. कोणी 720x² आणि −1080x³ अशी अदलाबदल केली, तर बेरीज बदलत नाही. म्हणून x = 2 ही किंमतही घालावी. मूळ राशी 1⁵ = 1; विस्तारातून

1024 − 3840 + 5760 − 4320 + 1620 − 243 = 1

अदलाबदल येथे लगेच पकडली जाते. काटेकोर बोलायचे तर पाचव्या घाताच्या बहुपदीची खात्री पटायला सहा वेगवेगळ्या किमती लागतील. पण वर्गात होणाऱ्या बहुतेक चुका या दोन किमतींतच उघड होतात.

उत्तरसूची काढणाऱ्यांना म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सहगुणक नुसता न छापता त्याचे तिन्ही गुणक छापावेत, म्हणजे चूक कोणत्या गुणकात झाली ते शिक्षकाला दिसेल. आणि 'ताळा पाहिला' असे लिहिताना कशाचा पाहिला, तेही लिहावे.