तीन निवेदक आणि एक न बोलणारा

वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. कथा महाभारतातली, सर्वांना ठाऊक असलेली. पण खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून आलटून पालटून सांगितली. पुढे १९६७ साली शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णासोबत कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण बोलू लागले. २००६ साली सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच माणसावरच्या प्रेमाची दोन निवेदनं आपल्यापुढे ठेवतात. म्हणजे अनेक निवेदकांची कादंबरी मराठीला नवखी नाही. प्रश्न असा आहे की, एवढ्या वर्षांत हे तंत्र आपल्याकडे किती पिकलं?

एक गोष्ट आपल्याला उत्तम साधली आहे. तीन निवेदनं एकत्र बांधायची तर त्यांना समान केंद्र लागतं, आणि ते केंद्र सहसा स्वतः न बोलणारी व्यक्ती असते. 'ययाति'त ती व्यक्ती म्हणजे कच. त्याला एकही प्रकरण मिळालेलं नाही. देवयानीसाठी तो तिला नाकारून गेलेला प्रियकर, शर्मिष्ठेसाठी आधार देणारा वडीलधारा, तर ययातीसाठी लहानपणीचा सोबती. ययातीला जे होता आलं नाही, ते कच झाला. एकाच माणसाची ही तीन रूपं वाचताना आपल्याला कचापेक्षा त्या तिघांचीच अधिक ओळख होते. 'कोबाल्ट ब्लू'मधल्या भाडेकरू तरुणाला तर नावही नाही. भाऊ तनय आपल्या निवेदनात त्याला समोर बसवल्यासारखं उद्देशून बोलतो. बहीण अनुजा त्याच्याविषयी डायरीत लिहिते. निवेदनाचे प्रकारच वेगळे असल्यामुळे आवाजही आपोआप वेगळे होतात. गोफ विणताना सगळे पदर वरच्या एकाच जागी बांधलेले असतात, तशी ही न बोलणारी माणसं आहेत.

अडचण आवाजाची आहे. 'ययाति'तल्या देवयानी आणि शर्मिष्ठेच्या प्रकरणांवरची नावं झाकून मधलं एखादं चिंतनाचं पान वाचून पाहावं. प्रसंगाचे संदर्भ वगळले तर कोण बोलतंय हे सांगणं कठीण जातं. दोघींच्या बोलण्यात उपमांची तीच रेलचेल असते, आणि विचार सुभाषितासारख्या वाक्यात मिटवण्याची लकबही तीच असते. देवयानी मानी आहे आणि शर्मिष्ठा सोशिक आहे, हे त्यांच्या वागण्यातून कळतं. वाक्यांच्या घडणीतून फारसं कळत नाही. मराठीत प्रथमपुरुषी निवेदनाला क्रियापदाची एक सोय आहे. 'मी गेलो' आणि 'मी गेले' एवढ्यावर स्त्रीपुरुष उमगतात, त्यामुळे लेखकाला आवाज वेगळे झाल्याचा भास लवकर होतो. एकाच घरातल्या, एकाच वयाच्या दोन स्त्रिया बोलू लागल्या की ही सोय संपते आणि खरी परीक्षा सुरू होते. बोलीभाषा वापरणं हा दुसरा सोपा मार्ग. एक निवेदक कोल्हापुरी बोलला आणि दुसरा पुणेरी, तर कान फसतात; पण दोघं त्याच गोष्टी पाहत आणि त्याच क्रमाने विचार करत असतील तर आवाज एकच राहतो.

आवाज भाषेच्या खालच्या थरात कसा घडतो, हे पाहायला विल्यम फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) या कादंबरीइतकं दुसरं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मिसिसिपी राज्यातल्या कॉम्प्सन कुटुंबातले तीन भाऊ ती सांगतात. चौथा भाग तृतीयपुरुषी आहे. तिघांच्या मध्ये आहे त्यांची बहीण कॅडी, आणि तिला एकही भाग नाही.

पहिला निवेदक बेंजी तेहतीस वर्षांचा, बुद्धीची वाढ खुंटलेला. त्याला कारण आणि परिणाम कळत नाहीत. वास, उजेड, थंडी आणि आवाज कळतात. काल आणि वीस वर्षांपूर्वीचा दिवस त्याच्या मनात शेजारी शेजारी असतात. दुसरा भाऊ क्वेंटिन १९१० सालच्या आपल्या शेवटच्या दिवशी बोलतो. त्याच्या डोक्यात घड्याळ आणि बहिणीची अब्रू यांशिवाय काही उरलेलं नाही. मनाचा तोल जाईल तशी त्याची वाक्यं लांबत, तुटत जातात. तिसरा जेसन १९२८ सालात पैसे मोजतो. त्याला प्रत्येक माणूस हा आपल्याला पडलेला खर्च वाटतो आणि त्याची वाक्यं तक्रारीसारखी ठसठशीत आहेत. एक जण संवेदना टिपतो, दुसरा वेळ आणि तिसरा डॉलर. कोण काय मोजतो यावरून आवाज ठरतो. शब्दकळा त्यामागून येते.

कथानकं एकत्र येण्याचं कामही फॉकनर याच मार्गाने करतो. कॅडी घराबाहेर आहे. आपल्या मुलीसाठी ती पैसे पाठवते. जेसन ते स्वतः ठेवतो आणि आईच्या हाती खोटे धनादेश देतो. आई ते मानाने जाळून टाकते. हे आपल्याला खुद्द जेसनच फुशारकीने सांगतो. शेवटच्या भागात, ईस्टरच्या रविवारी, कळतं की भाचीने रात्री त्याच्या खोलीतून पैसे नेले आणि ती पळून गेली. जवळजवळ सात हजार डॉलर गेले. जेसन पोलिसांना मात्र तीन हजारच सांगतो, कारण बाकीचे मुळात तिचेच होते. पण आदल्या रात्री खिडकीतून झाडावर उतरणारी कुणी व्यक्ती बेंजीने पाहिली होती. कादंबरीच्या पहिल्याच भागात ते दोन ओळींत येऊन गेलेलं असतं. पाहणाऱ्याला अर्थ कळला नव्हता आणि ज्याला अर्थ कळला असता, त्याने पाहिलं नव्हतं. माहितीचे हे दोन अर्धे तुकडे वाचकाच्या मनात जुळतात, तिथे कथानकं मिळतात. त्यासाठी तिन्ही निवेदकांना एका खोलीत आणावं लागत नाही.

आपल्याकडे मात्र असं मिलन बहुतेकदा भेटीतून घडतं. 'ययाति'च्या शेवटी पुरूचा त्याग, ययातीचा पश्चात्ताप आणि कचाचं येणं यांतून सगळे धागे एका जागी येतात, आणि काय घडलं त्याचा अर्थ पात्रंच सांगून टाकतात. वाचकाला जोडायला फार थोडं उरतं. 'मृत्युंजय'चा शेवट या बाबतीत वेगळा आहे. कर्ण मेल्यावर त्याची कथा कृष्णाच्या हाती जाते, कारण कर्णाला स्वतःचा मृत्यू सांगता येणार नाही. निवेदक बदलण्याचं कारण कथेच्या गरजेतूनच येतं, म्हणून तो बदल पटतो. 'कोबाल्ट ब्लू'मध्ये दोन निवेदनं एकमेकांत न मिसळता शेजारी ठेवली आहेत. अनुजा त्या तरुणाबरोबर निघून गेली आणि एकटी परतली, हे तनयला बाहेरून ठाऊक आहे. आतलं तिच्या डायरीतूनच कळतं. जुळणी वाचकावर सोपवण्याचं धैर्य इथे दिसतं.

तीन निवेदक घेणाऱ्या कादंबरीला दोन प्रश्न विचारावेत. एका निवेदकाची सर्व प्रकरणं काढली तर वाचकाची एखादी घटना हुकते, की फक्त एक मत हुकतं? आणि नावं झाकल्यावर, निवेदक काय पाहतो आणि काय त्याच्या नजरेतून सुटतं एवढ्यावरून तो ओळखू येतो का? 'ययाति' पहिल्या प्रश्नाला उतरते, दुसऱ्याला अर्धवटच उतरते. मराठी कादंबरीने पात्रांना बोलतं करण्याची हिंमत फार लवकर दाखवली. आता निवेदकांना अडाणी राहू द्यायची हिंमत हवी. ज्याला जे कळलेलं नाही ते त्याने सांगू नये, आणि लेखकाने त्याच्या आडून ते सुचवूही नये. ही शिस्त जो लेखक शेवटच्या पानापर्यंत पाळेल, त्याच्या कादंबरीत तिघांचे आवाज नावं झाकल्यावरही ओळखू येतील.