‘चांगला मेळ’ म्हणजे नेमका किती?

ठाण्याच्या खाडीतल्या भरती-ओहोटीचं संगणकी मॉडेल घ्या. शोधनिबंधात लिहितात, ‘मोजमापांशी मेळ चांगला, सहसंबंध ०.९८.’ आमचा आक्षेप इथेच आहे. समजा, मॉडेलनं पातळी सतत अर्धा मीटर जास्त दाखवली. तरी आलेखावरच्या दोन्ही रेघा बरोबरच चढतात-उतरतात, म्हणून सहसंबंध तसाच राहतो. काठावरच्या घरात पाणी शिरणार का, ते मात्र त्या अर्ध्या मीटरवर ठरतं. तेव्हा पातळी किती मीटरनं आणि भरतीची वेळ किती मिनिटांनी चुकली, ते सांगा. शिवाय ज्या मोजमापांवरून तळाचा खडबडीतपणा जुळवला, तीच पुन्हा दाखवली तर ती पडताळणी नव्हे. भांगाच्या दिवसांत जुळवा, उधाणाच्या दिवसांत तपासा. पातळी कुठे मोजली, तेही लिहा.