रात्रीची निळी रेघ

एमआरटीजीचा आलेख पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो जुनाट वाटतो, आणि तो आहेच जुना. टोबियास ओटिकर यांनी 1994-95 साली लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात एमआरटीजी लिहिला. अख्ख्या विद्यापीठाला बाहेर जायला तेव्हा 64 किलोबिटची एकच लाइन होती. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आत येणारी माहिती हिरव्या भरीव रंगात आणि बाहेर जाणारी निळ्या रेघेत, एवढाच त्याचा थाट. पण ही निवड नीट बघा. भरीव रंगावरूनही रेघ ठसठशीत दिसते. दिवसभर डाउनलोडच्या डोंगराखाली झाकलं गेलं असतं ते अपलोड या निळ्या रेघेमुळे कधीच झाकलं जात नाही.

राउटर मुळात वेग सांगतच नाही. एसएनएमपीने विचारलं की तो प्रत्येक पोर्टवरून आजवर गेलेल्या बाइटचा चढता आकडा सांगतो, गाडीच्या ओडोमीटरसारखा. दर पाच मिनिटांनी हा आकडा वाचायचा, मागचा वजा करायचा, सेकंदांनी भागायचं, वेग मिळाला. गंमत पुढे आहे. जुना मोजणी-आकडा 32 बिटांचा. सुमारे 429 कोटी बाइटनंतर तो शून्यावर येतो. पाच मिनिटांत तो एक पूर्ण फेरी मारतो तो साधारण 114 मेगाबिट वेगाला. म्हणजे रात्री कुणी 150च्या वेगाने ओढत असेल तर आलेख शांतपणे 36च्या आसपास दाखवतो. मोठी उधळपट्टी लहान दिसते! म्हणून फायबरच्या लाइनवर 64 बिटांचा `ifHCInOctets` हाच आकडा वाचायला लावायचा, आणि त्यासाठी एसएनएमपीची किमान 2c आवृत्ती हवी.

आठवड्यांचा आलेख पाहताना खरी कसोटी लागते. रोजच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी असते, साप्ताहिकात अर्ध्या तासाची, मासिकात दोन तासांची. रात्री अडीच वाजता दहा मिनिटं 60 मेगाबिटचा झोत आला, तर मासिकात त्याचं पाचचं टेंगूळ उरतं. या दोन ओळी ते टेंगूळ पुन्हा उभं करतात:

```
WithPeak[_]: wmy
Options[_]: growright, bits
```

पहिलीने सरासरीच्या मागे त्या काळातलं पाच मिनिटांचं शिखर वेगळ्या रंगात उमटतं. दुसरी नसेल तर ‘आत्ता’ डावीकडे असतं आणि आकडे बाइटमध्ये येतात. आपली इंटरनेट योजना मात्र बिटांत बोलते. सरासरी आणि शिखर यांच्यातली ती रिकामी फट वाचायला शिकलं, की रात्र बरंच काही बोलू लागते.

एका छोट्या डिझाइन ऑफिसचे तीन आठवड्यांचे रोजचे आलेख पाहू. रोज रात्री बरोबर एक वाजता निळी रेघ काटकोनात उठते, वीस मेगाबिटवर सपाट चालते आणि खाली येते. ठरलेल्या मिनिटाला उठणं म्हणजे वेळापत्रक. सपाट माथा म्हणजे वेगाला घातलेली मर्यादा. हा बॅकअप. त्याची रुंदी बदलते ती मात्र सुरेख: कामाच्या दिवसानंतर दोन तास, म्हणजे सुमारे 18 जीबी, रविवारच्या सुट्टीनंतर जेमतेम पाच मिनिटं. दिवसाचं काम रात्रीच्या रुंदीत मोजता येतं, हे मला फार आवडलं.

म्हणूनच तिसऱ्या रविवारची रात्र खटकते. पावणेतीनला रेघ उठली. माथा खडबडीत, सहाच्या आसपास, पावणेसातपर्यंत. वेग कमी, पण चार तासांत जवळपास 11 जीबी बाहेर! सुट्टीच्या दिवशी नवं काही तयारच झालं नव्हतं.

आता स्विचचे पोर्ट उघडायचे. इथे रंग उलटतात: इंटरनेटच्या पोर्टवर जे ‘बाहेर’, ते एखाद्या यंत्राच्या पोर्टवर ‘आत’, कारण हिशेब स्विचच्या बाजूने असतो. तोच खडबडीत माथा हिरव्या रंगात एका पोर्टवर सापडला. त्यावर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर होता.

इथे आलेखाची हद्द संपते. माहिती कुठे गेली, हे बाइट मोजणारा आकडा सांगू शकत नाही. त्यासाठी राउटरची चालू जोडण्यांची यादी किंवा नेटफ्लो लागतो. पुढच्या रात्री रेघ उठताच ती यादी पाहिली. डीव्हीआरसाठी बाहेरून उघडा ठेवलेला पोर्ट आणि त्यावर अनोळखी पत्ता दिसला. पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. पोर्ट बंद केला, पासवर्ड बदलला आणि जाता जाता राउटरची `public` ही एसएनएमपीची कम्युनिटीही बदलली, कारण हा ठरीव शब्द कुणीही ओळखू शकतो.